गच्चीवर न चढता गच्चीचं पाणी विकणारे

रविवारची सकाळ. सोसायटीच्या ऑफिसात आम्ही सात कमिटी मेंबर, समोसे, आणि पर्जन्यजल संकलन विकायला आलेला इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा. दीड तास! त्यातला पाऊण तास पृथ्वीवर गोडं पाणी किती कमी आहे हे सांगण्यात गेला. अरे बाबा, एप्रिल-मेमध्ये आम्ही रोज तीन टँकर घेतो, आम्हाला काय सांगतोस पाणी कमी आहे म्हणून?

मग मुद्द्याचा आकडा आला. 'सर, तुमच्या सोसायटीत वर्षाला अकरा लाख लिटर पाणी जमा होईल. दोन वर्षांत पैसे वसूल, टँकर कायमचा बंद.' किंमत फक्त ३ लाख ८० हजार. अध्यक्षकाकांच्या डोळ्यांत तिथेच पाणी आलं.

मी खजिनदार. मला आकडा दिसला की खाज सुटते. फोन काढला आणि गुणाकार केला. आमची गच्ची साधारण ५०० चौरस मीटर. पुण्यात वर्षाला अंदाजे ७०० मिलिमीटर पाऊस धरा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, इतकं सोपं गणित आहे हे. म्हणजे साडेतीन लाख. त्यातलं वीसेक टक्के वाफेत, फरशी भिजण्यात आणि पहिल्या पावसाच्या घाणेरड्या पाण्यात सोडून द्यायचं. उरले २ लाख ८० हजार लिटर. मग अकरा लाख आले कुठून? तर साहेबांनी १६०० चौरस मीटरचा अख्खा प्लॉट धरला होता! पार्किंग, बाग, वॉचमनची केबिन, सगळं. नाव 'रूफटॉप', आणि हिशोब सातबाऱ्याचा.

२ लाख ८० हजार लिटर म्हणजे दहा हजाराचे २८ टँकर. आमचा उन्हाळ्यातला नऊ-दहा दिवसांचा खर्च. टँकर १२०० रुपयांना पडतो, म्हणजे वर्षाला साधारण ३४ हजार वाचतील. पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं, दोन नव्हे. तेही सोसायटीच्या बोअरमधून जमिनीत सोडलेला प्रत्येक थेंब आम्हालाच परत मिळाला तर.

आणि तो मिळेल का, हा तर खरा प्रश्न! आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. या कातळात पाणी साठतं ते फुटलेल्या, झिजलेल्या थरांत आणि भेगांत. बोअरला अशी भेग लागली असेल तर ती पाणी घेते, नसेल तर बोअर नुसता उभा पाइप. शिवाय जुलैत आत गेलेलं पाणी एप्रिलपर्यंत आपल्याच भिंतीच्या आत थांबेल याची खात्री कोण देणार? भेग शेजारच्या सोसायटीकडे जात असेल तर आम्ही त्यांचे टँकर वाचवणार. पुण्याचं काम आहे, पण मग वर्गणी त्यांच्याकडूनही काढा.

मी विचारलं, 'बोअर किती खोल आहे, माहीत आहे?' गप्प. 'पाण्याची पातळी मोजलीत?' गप्प. साधी चाचणी असते हो. एक टँकर बोअरमध्ये ओतायचा आणि दोरी सोडून पाणी किती वेगाने खाली जातंय ते घड्याळ लावून बघायचं. भराभर उतरलं तर बोअर पाणी घेतोय. तोंडाशी येऊन दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच उभं राहिलं, तर वर सोन्याचा फिल्टर बसवला तरी पावसाचं पाणी गटारातच जाणार. बाराशे रुपयांची चाचणी न करता पावणेचार लाखांचं कोटेशन!

मी काही याच्या विरोधात नाही, हे अध्यक्षकाकांना कितीदा सांगू? बोअरनं पाणी घेतलं तर करूच. पण त्यांनी मला हळूच सुनावलं, 'तू नेहमी मोडता घालतोस. अरे, मालमत्ता करात सूट मिळते!' काका, सूट सामान्य करावर असते, अख्ख्या बिलावर नाही.

शेवटी मी त्या मुलाला हात धरून इमारतीच्या मागे नेलं. गच्चीवरून आठ पाइप खाली येतात. कोटेशनमध्ये जोडणी दोनचीच, म्हणजे गच्चीचं पाव पाणी! म्हणजे माझे ते २८ टँकरसुद्धा सातावर आले. आणि त्या दोन पाइपांना प्रत्येक मजल्यावर ड्राय बाल्कनीचं पाणी जोडलंय. वॉशिंग मशीन, भांडी, फिनेल, सगळं त्यातूनच खाली येतं. आम्ही उभे होतो तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी मशीन रिकामं केलं आणि पाइपातून फेसच फेस आला.

'हे बोअरमध्ये सोडणार तुम्ही?' मी विचारलं. मुलगा जराही डगमगला नाही.

'सर, त्यासाठी आमचा वेगळा फिल्टर आहे. ऐंशी हजार एक्स्ट्रा.'

मागून अध्यक्षकाकांचा आवाज आला, 'त्यात काही कमी होईल का?'