माठाला प्लास्टिक गुंडाळायचं का?

"ऑक्टोबर हीटमध्ये धावणाऱ्यांनी नक्की वाचा. 1) जाड काळे कपडे किंवा सॉना सूट घाला, जितका घाम तितकी चरबी वितळते. 2) टोपी घालू नका, शरीराची 80 टक्के उष्णता डोक्यातून बाहेर पडते. 3) सिंगलेट म्हणजे नुसती फॅशन, घाम सुती टी-शर्टमध्येच जिरतो. 4) वेग कमी करू नका, शरीर आपोआप सरावतं. घाम येतोय तोवर धोका नाही. आपल्या रनिंग ग्रुपवर पाठवा."

पाठवलं. आमच्या दादाच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलं आणि वय वर्षं 49, जानेवारीतल्या हाफ मॅरेथॉनचं पहिलंवहिलं स्वप्न बघणाऱ्या दादाने त्याच आठवड्यात चंदेरी रंगाचा सॉना सूट मागवला. रविवारी पहाटे उपवन तलावाशी तो घालून आला तेव्हा मी हसले. सहाव्या किलोमीटरनंतर हसू आलं नाही. नेहमीचं वळण सोडून तो सरळ पुढे गेला. हाक मारली तर भलत्याच गोष्टीवर चिडून बोलला, आणि पाय असे टाकत होता की जणू रस्ता हलतोय. चहाच्या टपरीच्या बाकावर बसवून सूट काढला. बाह्यांमधून पाण्याची धार लागली. टपरीवाल्याकडचं थंड पाणी डोक्यावर, मानेवर, काखेत ओतत राहिलो, तेव्हा दहा-बारा मिनिटांनी साहेब ताळ्यावर आले. घरी जाऊन वजन केलं आणि म्हणाले, "बघ, 1.8 किलो उतरलं!"

तर आधी हे 1.8 किलोच बघू. धावताना साधारण एका किलोमीटरला वजनाच्या किलोमागे एक कॅलरी खर्च होते. दादा 71 किलोचा, धावला 6 किलोमीटर, म्हणजे सव्वाचारशे कॅलरी. एक ग्रॅम चरबीत 9 कॅलरी असतात. सगळीच्या सगळी ऊर्जा चरबीतून आली असं धरलं (तशी ती येत नाही) तरी पन्नास ग्रॅमच्या आत. उरलेलं सगळं पाणी. ते संध्याकाळपर्यंत ताक, सरबत आणि वहिनीच्या वरणातून परत आलं.

चरबी सोडा, घाम कशासाठी येतो तेच या फॉरवर्डवाल्याला माहीत नाही. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो उडून गेला तर होतं. एक लिटर घाम त्वचेवरून उडाला की जवळपास 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप खाली गळला तर काहीच नेत नाही. माठाचं गणित हेच आहे. मे महिन्यात नागपूरला माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. तोच माठ जुलैत ठाण्यात ठेवा, पाणी कोमटच राहतं, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की झिरपलेलं पाणी उडायला जागा नाही. आता त्या माठाला कुणी वरून प्लास्टिकही गुंडाळलं तर? सॉना सूट म्हणजे तेच. दमट हवेत आधीच अर्धा बंद असलेला मुख्य दरवाजा आपण हाताने कडी लावून बंद करतो.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल त्यांच्यासाठी. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन इथले कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिना-सव्वा महिन्यात दगावले. वजनी गटात बसायला तिघेही पाणी तोडून, गरम जागेत, वाफ बाहेर न सोडणारे सूट घालून व्यायाम करत होते. वयं 19, 21 आणि 22. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने फेब्रुवारी 1998 मध्ये या तिघांचा अहवाल छापला, आणि तिथल्या कॉलेज कुस्तीत तर त्याच्या आधीच या सूटवर बंदी आली होती. तालमीत तयार झालेली विशीतली पोरं होती ती. दादाचं पोट पुढे आलंय आणि बीपीची गोळी चालू आहे.

काळ्या रंगाबद्दल मात्र, नाइलाजाने, थोडं मान्य करते. सिनाईच्या वाळवंटातले बदू काळे झगे घालतात आणि त्यांना पांढऱ्या झग्यापेक्षा जास्त गरम होत नाही, हे 1980 मध्ये मोजून दाखवलेलं आहे. पण तो झगा घोळदार असतो, आतून वारा खेळतो, आणि वाळवंटातली हवा कोरडी असते. आपला टी-शर्ट दुसऱ्या किलोमीटरला पाठीला चिकटतो. सूर्य उगवायच्या आत घरी येणार असाल तर रंगाने उष्णतेत फरक पडत नाही हेही खरं. तरी पांढरा किंवा पोपटी घाला, कारण पहाटे पाचला घोडबंदर रोडवरच्या टँकरवाल्याला काळ्या कपड्यातला माणूस आणि काळा रस्ता एकच दिसतो. साडेसातनंतर ऊन अंगावर आलं की फिका रंग आपोआप कामाला येतो.

टोपीचा मुद्दा दोन ओळींचा आहे. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग, 80 टक्के कुठून काढले देव जाणे. जाड सुती टोपी नकोच. उन्हात पातळ जाळीची, फिकी टोपी घ्या, पाण्याच्या स्टॉलवर भिजवून पुन्हा घाला. पहाटे अंधारात ती खिशात असली तरी चालते.

सिंगलेटला फॅशन म्हणणाऱ्याने भिजलेला सुती टी-शर्ट पिळून बघावा. तो घाम धरून ठेवतो, जड होतो, काखेत आणि छातीवर घासून रक्त काढतो. ड्राय-फिटच्या जाहिरातीही अर्ध्या थापाच आहेत. नव्वद टक्के दमट हवेत कुठलंच कापड कोरडं राहत नाही. सिंगलेटचा खरा फायदा कापडाचा नाहीच, तो नसलेल्या कापडाचा आहे. खांदे, दंड, काखा उघड्या, म्हणजे धावताना लागणारा वारा थेट त्वचेला. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायका "लोक काय म्हणतील" म्हणून नवऱ्याचा ढगळ टी-शर्ट घालून धावतात, त्यांना उकडतं ते उगाच नाही.

आता चौथा. शरीर सरावतं, बरोबर. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं धावलं तर. सरावलेल्या माणसाला घाम लवकर आणि जास्त येतो. पण हवेची वाफ त्याने कमी होत नाही. 2019 च्या सप्टेंबरमध्ये दोहाला जागतिक स्पर्धेची महिला मॅरेथॉन ऊन टाळायला मध्यरात्री ठेवली होती. तापमान तरी 32 च्या वर, आर्द्रता सत्तरीच्या पुढे. 68 जणी सुटल्या, 40 पोचल्या. जिंकली तिने त्याच जानेवारीत दुबईत 2 तास 17 मिनिटं नोंदवली होती. दोहात तिने 2 तास 32 मिनिटं घेतली आणि सोनं नेलं. जगातली अव्वल धावपटू पंधरा मिनिटं सोडून देते आणि आपला दादा किलोमीटरला 7 मिनिटांचा हट्ट सोडत नाही.

मी मोबाइलवर हवामानात दवबिंदू बघते, म्हणजे हवेत किती वाफ आहे ते सांगणारा अंशांतला आकडा. 20 च्या आत असेल तर ठरलेला वेग. ऑक्टोबरात तो पहाटेही 23-24 असतो, तेव्हा दादाने 7 चे पावणेआठ करायचे, दर किलोमीटरला मिनिटभर चालायचं, आणि सबंध वाक्य बोलता येत नसेल तर आणखी हळू. त्याच वेगाला नाडी चढतच चालली, तर ती घड्याळाची चूक नसते.

"घाम येतोय तोवर धोका नाही" हे वाक्य सगळ्यात घातक. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग बहुतेकदा घामाने निथळतच असतं, दादाचंही होतं. बघायचं ते वागण्याकडे. भर उकाड्यात अंगावर काटा, थंडी वाजणं, झोकांड्या, उगाच चिडणं, चुकीचं उत्तर. "आज वार कुठला?" विचारा. अडखळला तर धावणं तिथेच संपलं. कपडे सैल करा, सावलीत आडवं करा, बर्फाच्या पाण्यात बुडवता आलं तर उत्तम, नाहीतर ओले गार टॉवेल अंगभर टाकून सारखे बदलत राहा, आणि त्याच वेळी एकाने 108 ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. रिक्षात कोंबून ट्रॅफिकमध्ये नेण्याची घाई नको, आधी गार करायचं, मग न्यायचं.

सूट वहिनीने स्कूटरवर घातलाय.