बॉयलरच्या आवाजाबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

"लॉजच्या बॉयलरमधून घरघर आणि ठोकल्यासारखा आवाज यायचा म्हणून फेब्रुवारीत यांच्याकडून साफ करून घेतला. दोन तासांचं काम सात तास लांबवलं, ८,५०० रुपये घेतले, गिऱ्हाइकं दिवसभर गरम पाण्यावाचून. चार महिन्यांत आवाज पुन्हा सुरू. सॉफ्टनरपण यांनीच गळ्यात मारला. पेनने मोजलं तर पाणी होतं तसंच. शुद्ध फसवणूक. एक स्टार."

नमस्कार साहेब. त्या दिवशी तुमच्या गिऱ्हाइकांना गरम पाणी मिळालं नाही, त्याचा त्रास तुम्हाला झाला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण तुम्ही हे सगळ्यांसमोर लिहिलंय आणि सांगली-मिरजेतली आमची निम्मी कामं लोक हे वाचूनच देतात, म्हणून उत्तरही इथंच सविस्तर देतोय.

आधी आवाजाचं. फेब्रुवारीत आल्या आल्या आम्ही ॲसिड काढलं नव्हतं. असा आवाज पंप कमी पाणी ढकलत असला तरी येतो, लाइनीत हवा अडकली तरी येतो. म्हणून आधी कॉइलमध्ये, म्हणजे ज्योतीने तापणाऱ्या तांब्याच्या वळणदार नळीत, जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजलं. तुमचा बर्नर २४ किलोवॅटचा, पंप मिनिटाला साधारण २० लिटर फिरवणारा. पाणी नीट फिरत असेल तर दोन्हींत १६-१७ अंशांचा फरक पडायला हवा, आणि तेवढाच पडत होता. पाणी कमी फिरत असतं तर हा फरक पंचवीस-तीसवर गेला असता. म्हणजे पंप ठीक, हवा नाही. बर्नर बंद केल्यावरही कॉइल थोडा वेळ कडकडत राहिली, तेव्हा उरलं एकच कारण: आतून बसलेला क्षार.

बोअरच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी तापलं की तो विरघळलेला राहत नाही, पांढरा दगड होऊन सगळ्यात गरम जागेवर बसतो, आणि बॉयलरमध्ये सगळ्यात गरम जागा म्हणजे कॉइलची आतली भिंत. तांब्याच्या काही शे पटींनी हा थर उष्णता अडवतो. तुमच्या कॉइलमध्ये ज्योतीजवळच्या वळणांवर दर चौरस मीटरला ५० किलोवॅटच्या आसपास उष्णता आत शिरते. तिथं एक मिलिमीटर थर बसला की तांब्याचं तापमान आधीपेक्षा साधारण ५० अंशांनी वर जातं. स्वच्छ कॉइलची भिंत ७५-८० अंशांवर असते, ती सव्वाशेच्या पुढं गेली. तुमची टाकी कॉइलच्या सहा-सात मीटर वर आहे, त्या दाबाला पाणी ११४ अंशांच्या आसपास उकळतं. मीटरवर पाणी ६० दिसतंय, पण थराच्या भोकांमध्ये अडकलेलं पाणी मात्र उकळतंय. त्याचे वाफेचे बुडबुडे थरातून बाहेर पडतात, बाजूच्या थंड पाण्यात येतात आणि तिथंच फुटतात. चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी उकळायच्या आधी जसं सणसणतं, तसंच हे. पातेल्यात बुडबुडे थोडे असतात, इथं हजारो, आणि नळीत कोंडलेले, म्हणून ठोकल्यासारखं वाजतं.

आवाज सहन करता येतो. कॉइलला मात्र तो महागात पडतो, आणि हे एका दिवसात दिसत नाही. थर सगळीकडे सारखा बसत नाही. ज्योतीसमोर जाड, मागं पातळ. त्यामुळे एकाच नळीची एक बाजू जास्त फुगते, दुसरी कमी. बर्नर दिवसातून तीस-चाळीस वेळा पेटतो आणि विझतो, आणि दर वेळी हा ताण वळणांवर आणि ब्रेझिंगच्या सांध्यांवर येतो. जास्त तापून तांबं मऊ पडतं, सांध्याला केसासारखी चीर जाते आणि एक दिवस बर्नरवर पाणी टपकायला लागतं. शिवाय थराने नळी अरुंद झाली की पाणी कमी फिरतं, कमी फिरलं की भिंत आणखी तापते, आणखी तापली की क्षार आणखी लवकर बसतो. म्हणून पहिले दोन महिने काही कळत नाही आणि नंतर आवाज आठवड्याआठवड्याला वाढतो. तापमानाचा कटआउट वारंवार पडायला लागला तर समजायचं की गोष्ट बरीच पुढं गेलीय. तुमच्याकडे तो अजून पडत नाही. कॉइल वाचलेली आहे, आणि ती फेब्रुवारीच्या त्या सात तासांमुळे वाचलीय, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे.

आता त्या सात तासांचं, कारण लागलंय ते हेच. तुमच्या कॉइलमधून अंदाजे साडेतीन किलो क्षार निघाला. एक किलो क्षार विरघळवायला जवळजवळ दोन किलो सल्फॅमिक ॲसिड लागतं. हा रसायनाचा हिशेब आहे, त्यात घासाघीस होत नाही. म्हणजे सात किलो ॲसिड. ते सगळं एकदम ओतता येत नाही. आम्ही ६० लिटर पाण्यात ३ किलो, म्हणजे पाच टक्क्यांचं द्रावण करतो, त्यात तांब्याला जपणारं इनहिबिटर घालतो आणि छोट्या पंपाने खालून वर फिरवतो, म्हणजे सुटणारा वायू वर निघून जातो. द्रावण ५० अंशांपर्यंत कोमट ठेवतो. ६० च्या वर नेलं तर हे ॲसिड स्वतःच बिघडतं आणि कॉइलमध्ये जिप्समसारखा वेगळा क्षार धरतो, जो कोणत्याच ॲसिडला दाद देत नाही. तासा-दीड तासात फेस थांबतो, पीएचची पट्टी चारच्या वर जाते, म्हणजे ॲसिड संपलं पण क्षार संपलेला नाही. मग ते काढायचं आणि ताजं भरायचं. तुमच्याकडे असं तीनदा करावं लागलं. तिसऱ्या वेळी फेस थांबला तरी पट्टी दोनच्या खालीच राहिली, तेव्हा कुठं कॉइल स्वच्छ झाल्याची खात्री पटली. त्यानंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून उरलेलं ॲसिड मारलं आणि साधं पाणी पट्टी सातवर येईपर्यंत सोडलं. सुरुवातीला बॉयलर थंड होऊन लाइन सोडवायला तास, शेवटी जोडून तपासायला तास. दोन माणसं पूर्ण दिवस तुमच्याकडेच होती. ८,५०० मध्ये १,९०० ची रसायनं होती, बाकी त्यांची मजुरी आणि पंपाचं भाडं. तुमच्या व्यवस्थापकांनी सही केलेल्या बिलावर हे वेगवेगळं लिहिलेलं आहे.

दोन तासांत काम होतं, हे खरं आहे. बाजारात संडास धुवायला मिळतं ते ॲसिड बादलीभर ओतलं की होतं. तुमच्या व्यवस्थापकांनी तेच सुचवलं होतं आणि आम्ही नको म्हणालो. ते क्षाराबरोबर पितळी व्हॉल्व्ह आणि लोखंडही खातं, आणि आत हवा असली की तांब्यालाही सोडत नाही. कुणी तसं केलं तर ड्रेनचं पाणी बघा. ते हिरवट निळं दिसलं तर नळीतून क्षार नाही, तांबं निघतंय.

चार महिन्यांत आवाज परत का आला, तेही सांगतो. गेल्या आठवड्यात आमची मुलं येऊन बघून गेली, त्याचे पैसे घेतलेले नाहीत. सॉफ्टनरची मिठाची टाकी कोरडी होती. फेब्रुवारीत दोन पोती दिली होती, त्यातलं एक अजून शिवलेलं उभं आहे. तुमच्या बोअरची कठीणता लिटरला ४८० मिलिग्रॅम आली. तुम्ही रोज २,००० लिटर तापवता, म्हणजे जवळजवळ एक किलो चुना रोज बॉयलरकडे जातो. सगळा बसत नाही. शंभरातले तीनच भाग कॉइलला धरले तरी चार महिन्यांत पुन्हा तेच साडेतीन किलो होतात. २० लिटर रेझिनचा, म्हणजे चुना धरणाऱ्या दाण्यांचा, सॉफ्टनर एका धुण्यानंतर तेवढाच एक किलो पकडू शकतो, म्हणून रात्री रोज तीन किलो खडे मीठ लावून धुवायला हवा. २५ किलोचं पोतं आठ दिवस पुरतं. हे बसवताना सांगितलं होतं आणि टाकीवर चिकटवलेल्या कागदावरही आहे. थर्मोस्टॅटही ६० वरून ८० वर नेलेला सापडला. आम्ही तो ६० वर सोडला होता, कारण त्यापुढं क्षार फार वेगाने बसतो.

पेनबद्दल एवढंच, की ते टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजतं, नुसती कठीणता नाही. सॉफ्टनर चुना काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे पेनवरचा आकडा चालू सॉफ्टनरचाही तसाच राहतो. कठीणता थेंबांच्या किटने कळते. किटमधला रंग घातल्यावर पाणी वाइनसारखं लाल होतं, ते निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. सॉफ्टनर नीट असेल तर पहिल्या थेंबालाच निळं होतं. किट नसेल तर बाटलीत पाणी आणि चार थेंब साधा साबण घालून हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ आहे.

रोज मीठ घालायला माणूस नाही, हे आम्हाला समजतं. मग दुसरा उपाय करा, त्यात आम्हाला काही विकायचं नाही. तुमच्याकडे महापालिकेचं कृष्णेचं पाणीही येतं, ते बोअरपेक्षा बरंच मऊ आहे. सध्या दोन्ही एकाच टाकीत पडतात आणि उन्हाळ्यात नळ कमी आला की टाकीत बोअरच जास्त असतं. २,००० लिटरची एक टाकी फक्त बॉयलरसाठी ठेवून तिला नळाचं पाणी जोडा, बोअर संडास-फरशीला वापरा. मग सॉफ्टनर पाच-सहा दिवसांतून एकदा धुतला तरी कदाचित चालेल, पण ते नळाच्या पाण्याची कठीणता मोजूनच ठरवायचं.

 आवाज आत्ताच सुरू झालाय तर दिवाळीपर्यंत थांबू नका, बसलेला थर याच महिन्यात काढून घ्या. आमच्याकडून घ्यायचं असेल तर रसायनांचे पैसे द्या, मजुरी निम्मी धरू. तुमची गर्दी नसेल तो वार सांगा. यापुढे काम सुरू करायच्या आधी किती वेळ लागेल ते लिहून द्यायचं आम्ही ठरवतोय, आणि सॉफ्टनर बसवलेल्यांना मिठाची आठवण करून देण्याचंही काहीतरी करू. पण तोपर्यंत ते शिवलेलं पोतं आज उघडा आणि थर्मोस्टॅट ६० वर आणा. आणि फसवणूक म्हणाला आहात, ते बिल आणि टाकीवरचा कागद पुन्हा एकदा वाचून बघा, एवढी विनंती.