आधी तोडेल त्याचा आंबा, हे यंदा थांबवू या

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात एक रायवळ आंबा आहे. इथे पूर्वी बंगला होता, तेव्हापासूनचा. गेल्या वर्षी झाडावर जेमतेम काही होतं, यंदा मात्र लगडलंय. रायवळ बहुधा एक वर्षाआडच भरतो. अशा वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सेक्रेटरींना पत्र दिलंय, की आंबा एकत्र उतरवून सगळ्या घरांत सारखा वाटावा. जिन्यात लगेच कुजबुज सुरू झाली, "आता आंब्याचाही हिशोब?"

मी काकूंच्या बाजूने आहे, आणि कारण नुसत्या वाट्याचं नाही. दरवर्षी आपल्याकडे काय होतं ते आठवा. दुसरा कोणी नेईल या धास्तीने प्रत्येक जण थोडा आधी तोडतो. कोय धरलेली घट्ट कैरी लोणच्याला उत्तम, पण त्यानंतर पिकवायला म्हणून जे काढलं जातं ते निम्मं कोवळं असतं. कोवळा आंबा आढीत घातला तरी पिकत नाही. सुरकुततो, आंबटच राहतो आणि शेवटी कचऱ्यात जातो. ज्याला मिळाला त्याचाही फायदा नाही, ज्याला नाही मिळाला त्याचाही नाही.

म्हणून पत्रातली मला सर्वात पटलेली ओळ अशी: "पाड लागेपर्यंत कोणीही हात लावू नये." झाडावरच पिकलेला एखाददुसरा आंबा आपोआप खाली पडू लागला, की उतरवायची वेळ झाली. शिवाय फळाचे खांदे भरलेले दिसतात, देठाशी खळगा पडतो. शंका असेल तर दोन-चार फळं पाण्याच्या बादलीत टाकायची. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. रायवळ एकदम तयार होत नाही, उन्हाकडचा शेंडा आधी येतो. त्यामुळे काकूंनी आठवड्याच्या अंतराने दोनदा उतरवायचं सुचवलंय. फार थांबूनही चालणार नाही. मेमधल्या वळवाच्या एका वाऱ्यात अर्धं झाड खाली येतं, आणि पावसानंतर फळमाशी वाढते.

उतरवायचं ते झेल्याने, दगड मारून किंवा फांदी हलवून नाही. आपटलेला आंबा वरून चांगला दिसतो आणि चार दिवसांनी आतून काळा निघतो. देठ बोटभर ठेवला तर चीक सालीवर ओघळत नाही, नाहीतर तिथे काळे चट्टे पडतात.

वाटणी नगावर नको, वजनावर हवी, कारण रायवळाची फळं लहानमोठी असतात. पत्रातलाच हिशोब सांगते. समजा १३० किलो निघाला. फुटका, डागाळलेला १० किलो वेगळा काढला, तो ज्याला हवा त्याने त्याच दिवशी न्यावा. उरला १२० किलो. राहती घरं १८, शिवाय वॉचमनदादा आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, असे २० वाटे. म्हणजे प्रत्येकी ६ किलो. झेलकऱ्याची मजुरी १८ घरांनी सारखी भरायची, दादा आणि मावशींनी नाही. वर्षभर त्या झाडाचा पाला मावशीच गोळा करतात, त्यांचा वाटा हा उपकार नाही.

तीन बेडरूमवाल्यांना जास्त मिळावा, असं एकाने ग्रुपवर लिहिलं. मला ते अजिबात मान्य नाही. सोसायटीचं सेवा शुल्क आपण क्षेत्रफळावर नाही, प्रत्येक सदनिकेला सारखं भरतो. आवार त्यातूनच राखलं जातं. मग आवारातलं फळही तसंच वाटलं जावं.

खरा पेच बंद घरांचा आहे. मालक म्हणतात, आम्हीही मेंटेनन्स भरतो. बरोबर आहे. काकूंचा तोडगा असा, की त्यांनी उतरवण्याआधी कळवावं आणि दोन दिवसांत कोणालातरी पाठवून वाटा न्यावा. त्यापुढे आंबा थांबत नाही, म्हणून तो राहत्या घरांत वाटून टाकावा. भाडेकरू असेल तर वाटा राहणाऱ्याचा, मालकाचा दुसरा नाही. मला दोन्ही योग्य वाटतं.

एका बाबतीत मात्र पत्रात भर घालायला हवी. झाडाखालच्या तळमजल्यावरच्या कुटुंबाचा त्यात वेगळा उल्लेखच नाही. मोहोराच्या दिवसांत त्यांच्या खिडकीत चिकट थर बसतो, मुंग्या घरात येतात, गाडीवर फळं आदळतात. वजन सगळ्यांना सारखंच असू दे, पण मजुरीचा त्यांचा भाग बाकीच्या १७ घरांनी उचलावा. रविवारच्या मीटिंगमध्ये मी हे मांडणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जिन्यात नको, तिथे येऊन बोला. आणि तोपर्यंत, कृपा करून, गच्चीवरून काठ्या घालू नका.