फोन ठीक आहे, फाइलच छापखान्याची आहे

मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका तपासायला परवा घरच्या ग्रुपवर आली. नाव होतं Patrika_final2.cdr. कुणाच्याच फोनवर उघडेना. मामांनी फोन दोनदा बंद-चालू केला. आत्याला वाटलं फोनमध्ये जागा उरली नाही, तिने शंभरेक फोटो उडवले. बिचारीचे फोटो उगाच गेले.

चूक फोनची नव्हती. नावाच्या शेवटी टिंबानंतर जे लिहिलेलं असतं ते आधी बघावं. .cdr ही कोरलड्रॉची फाइल, म्हणजे डिझायनरचं कच्चं काम. ती नीट उघडायला कोरलड्रॉ लागतं आणि फोनवर ते सहसा नसतं. भाच्याने शक्कल लढवून नावात cdr पुसून pdf केलं. आता पीडीएफचं अ‍ॅप सुरू झालं, पण फाइल खराब आहे म्हणालं. नाव बदलून आतला माल थोडाच बदलतो? खऱ्या पीडीएफच्या आत सुरुवातीलाच %PDF असं लिहिलेलं असतं, अ‍ॅप तेच शोधतं.

मग एकाने छापखान्यात फोन करून 'वर्डमध्ये द्या' सांगितलं. ती फाइल उघडली, पण 'श्री'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा! कारण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना कळणाऱ्या अक्षरांत, नव्हता, डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट फोनवर नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. पीडीएफ करताना फॉन्टही सहसा सोबत आत जातो, म्हणून पीडीएफच मागायची. कोरलमधून ती काढायला डिझायनरला मिनिटभर लागतं. माझं स्पष्ट मत आहे, हे काम पाठवणाऱ्याचं. घेणाऱ्याने अ‍ॅप शोधत का बसावं?

ऑफिसच्या मेलमध्ये winmail.dat येते, तिचीही तीच गत. समोरच्याने आउटलुकमधून रिच टेक्स्टमध्ये मेल पाठवला की कधी कधी खरी अटॅचमेंट त्या एका पुडक्यात गुंडाळली जाते आणि दुसऱ्या मेल अ‍ॅपला ते सोडता येत नाही. त्याला 'एचटीएमएलमध्ये परत पाठवा' म्हणायचं, बस.

एका बाबतीत मात्र फाइल उघडली नाही तर बरंच. पत्रिकेच्या नावाखाली .apk आली तर हातही लावू नका. ते अँड्रॉइडचं अ‍ॅप असतं. 'इन्स्टॉल करू का' असं फोनने विचारलं की समजा, ही पत्रिका नव्हे. अशाच फायलींमधून लोकांचे ओटीपी आणि बँक खाती चोरांच्या हाती गेली आहेत. आणि .cdr साठी 'कुठलीही फाइल उघडा' छाप अ‍ॅपही घेऊ नका, बहुतेकांत जाहिरातीच जास्त.

आमची पीडीएफ शेवटी रात्री आली. आत्याने चष्मा लावला, बोटांनी मोठी करून वाचली आणि विचारलं, "मुहूर्त सकाळचा ना? मग इथे सायंकाळी का लिहिलंय?"