पीडीएफ कॉम्प्रेस करू नका, आधी ती जड का झाली ते बघा

सांगलीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. जून-जुलैत निकाल लागले की दिवसाला चार-पाच पोरं एकच वाक्य घेऊन येतात, "काका, पीडीएफ कमी करून द्या, साइट घेईना." त्यावर आज सविस्तर लिहितोय, कारण परवा एका मुलीची फाइल बघून जीव हळहळला.

ती कवठेमहांकाळहून एसटीने आली होती. बीकॉम झालेली, पहिलीच नोकरी. कंपनीच्या पोर्टलवर कव्हर लेटर आणि रिझ्युमे एकाच पीडीएफमध्ये मागितलं होतं, मर्यादा ५०० केबी. तिची फाइल ६.८ एमबी. एका ठिकाणी तिने ते टाइप करून घेतलं होतं. तिथे प्रिंट काढली, तीन पानं स्कॅन केली आणि पीडीएफ दिली. फाइल मोठी झाली म्हटल्यावर पुन्हा पैसे घेऊन ती कॉम्प्रेस करून दिली, ४६० केबी. पोर्टलने ती घेतली असती. पण मी स्क्रीनवर मोठी करून बघितली तर मोबाइल नंबरातला ३ आहे की ८ हे मलाच कळेना. टक्केवारीचे आकडे शाईत भिजल्यासारखे दिसत होते. तीन वर्षं अभ्यास करून मिळवलेले मार्क, आणि तेच वाचता येत नाहीत!

हे का होतं ते समजून घ्या. ए-फोर पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की त्याचा फोटो बनतो, २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचा. म्हणजे एका पानाला जवळजवळ ८७ लाख ठिपके, आणि प्रत्येकाचा रंग फाइलला लक्षात ठेवावा लागतो. कोरा कागदसुद्धा ठिपक्यांनीच भरलेला असतो. याउलट त्याच पानावर अक्षरं किती? फार तर दोन हजार. वर्डमधून थेट पीडीएफ केली तर फाइलमध्ये ती अक्षरं आणि फाँट एवढंच जातं. म्हणून अशी दोन पानं बहुतेक वेळा शंभर-दोनशे केबीत बसतात आणि कितीही मोठी करून बघितली तरी फाटत नाहीत. स्कॅनची फाइल कॉम्प्रेस करणं म्हणजे फोटोतले ठिपके किंवा त्यांचा बारकावा कमी करणं. ३ आणि ८ मधला फरक त्या थोड्या ठिपक्यांतच असतो, तो पहिल्यांदा जातो.

आपली फाइल फोटो आहे की खरी अक्षरं, हे ओळखायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफ उघडा, Ctrl+A, मग Ctrl+C, आणि नोटपॅडमध्ये Ctrl+V करा. काहीच आलं नाही तर तो फोटो आहे. अनेक कंपन्यांकडे रिझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, माणूस नंतर. नोटपॅडला जे दिसलं नाही ते बहुधा त्या सॉफ्टवेअरलाही दिसणार नाही. आणि अक्षरं आली पण कचरा आला, म्हणजे मराठी नावाच्या जागी भलतीच इंग्रजी चिन्हं आली, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालाय. आम्हा डीटीपीवाल्यांच्या हाताला तेच वळण आहे. पत्रिकेला चालतं, अर्जाला नाही. मराठी लिहायचंच असेल तर युनिकोडमध्ये लिहा, आणि पोर्टल इंग्रजी असेल तर नाव-पत्ता इंग्रजीतच ठेवा.

त्या मुलीला विचारलं, "वर्डची फाइल कुठाय गं?" तर म्हणाली, "दिलीच नाही काका, फक्त पीडीएफ दिली." याचा मला मनापासून राग आहे. तुम्ही टायपिंगचे पैसे दिलेत, तर वर्ड फाइल तुमची. मागून घ्या, स्वतःच्या मेलवर पाठवून घ्या, त्याशिवाय दुकानातून उठू नका.

शेवटी आम्ही सगळं नव्याने टाइप केलं. पाऊण तास लागला. पहिल्या पानावर पत्र, दुसऱ्यावर रिझ्युमे, दोन्ही एकाच वर्ड फाइलमध्ये. दोन पीडीएफ करून नंतर कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर जोडायची गरजच नाही, आणि आपला नंबर-पत्ता तिथे टाकायचीही नाही. पत्र संपलं की Ctrl+Enter दाबायचं, रिझ्युमे आपोआप नव्या पानावर जातो. बरेच जण वीस वेळा Enter मारून खाली ढकलतात. मग पत्रात एक ओळ वाढली की रिझ्युमेची शेवटची ओळ तिसऱ्या पानावर एकटी जाऊन बसते. तिचं तिसरं पान असंच तयार झालं होतं, त्यावर फक्त तारीख आणि ठिकाण!

फोटो लावून File, मग Save As करून PDF निवडलं, तर फाइल १.४ एमबी! मीही क्षणभर चक्रावलो. कारण फोटोच होता. मोबाइलवरचा मोठा फोटो वर्डमध्ये कोपरा ओढून लहान केला तरी तो दिसायला लहान होतो, आत अख्खाच राहू शकतो. वर्ड एरवी सेव्ह करताना तो हलका करतं, पण माझ्या कॉम्प्युटरवर छपाईच्या कामासाठी Do not compress images in file ही खूण लावून ठेवलेली आहे. म्हणून फोटो पेंटमध्ये उघडला, Resize मध्ये Pixels निवडून रुंदी ३०० केली, जेपीजी म्हणून सेव्ह केला आणि मग वर्डमध्ये घातला. पासपोर्ट आकाराला एवढं पुरतं. पीडीएफ करताना Minimum size हा पर्यायही निवडला. फाइल झाली १८८ केबी. खरं तर जाहिरातीत मागितला नसेल तर फोटो लावूच नये असं माझं मत आहे, पण तिची इच्छा होती.

मग पुन्हा नोटपॅडची परीक्षा. सगळं आलं, फक्त मोबाइल नंबर आणि मेल अगदी तळाला गेले होते. ते तिने पाहिलेल्या नमुन्याप्रमाणे उजव्या कोपऱ्यात टेक्स्ट बॉक्समध्ये टाकले होते, म्हणून. बॉक्स काढला, नावाखाली साध्या ओळीत लिहिलं, क्रम सुधारला. दिसायला थोडं साधं झालं, पण नंबर जागेवर आला.

मार्कशीट यात जोडायची का, असं तिने विचारलं. नाही. वेगळी जागा दिली असेल तिथेच ती टाकायची. मार्कशीटचं स्कॅन टाळता येत नाही, तेव्हा ते १५० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये करा. आधी भरमसाट स्कॅन करून नंतर दाबत बसण्यापेक्षा ते कधीही स्वच्छ येतं.

फाइल अपलोड झाली, वर्ड आणि पीडीएफ दोन्ही तिच्या मेलवर पाठवली. निघताना ती जुन्या प्रिंटवरचं पत्र वाचत होती आणि एकदम थांबली. पहिल्याच ओळीत दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. गेल्या महिन्यात कुपवाडच्या एका कारखान्यासाठी केलेलं पत्र तसंच स्कॅन होऊन चार ठिकाणी गेलं होतं. स्कॅनमध्ये नाव बदलणार कसं? नव्या फाइलमध्ये ते आम्ही बदललेलंच होतं. पुढच्या अर्जाला कुठली ओळ बदलायची ते तिने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर पिवळं करून ठेवलं आणि एसटी गाठायला गेली.