प्लॉट विकताय? पावती मागून कुणाचा अपमान करू नका

दलाली नेहमी रोखीतच द्या. सौदा मिसळीच्या टेबलावर ठरलाय, समोरचा तुम्हाला ‘दादा’ म्हणतोय, त्याच्याकडे सही कसली मागता?

खरेदीखताची तारीख तर बघूच नका. चोवीस महिने उलटायला आठवडा उरला असताना विकून टाका आणि सगळ्या नफ्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर भरा. वारशाने आलेल्या प्लॉटला वडिलांकडची वर्षंही मोजतात, हे भावालासुद्धा कळू देऊ नका.

दरवर्षी गवत काढायला दिलेले पैसे ‘सुधारणा खर्च’ म्हणून बिनधास्त लावा. ती देखभाल धरतात, पण विचारून बघायला काय जातं!

खरी सुधारणा, म्हणजे कुंपणभिंत, मात्र बिलाशिवायच बांधा. मी बांधली. पाथर्डी फाट्याकडचा प्लॉट 2006-07 मध्ये 6 लाख 10 हजारांना घेतला, 2012-13 मध्ये 2 लाखांची भिंत घातली आणि 2025-26 मध्ये तो 45 लाखांना विकला. दलाली 90 हजार. खरेदी 23 जुलै 2024 च्या आधीची, म्हणून महागाई निर्देशांक लावून आणि न लावता असे दोन्ही हिशेब करून ज्यात कर कमी तो भरायची मुभा. महागाई निर्देशांक खरेदीच्या वर्षी 122, भिंतीच्या वर्षी 200, विक्रीच्या वर्षी 376. म्हणजे त्या प्रमाणात वाढवून प्लॉटची खरेदी किंमत झाली 18 लाख 80 हजार आणि भिंतीची 3 लाख 76 हजार. दलाली वजा करून नफा 21 लाख 54 हजार, त्यावर 20 टक्क्यांनी कर 4 लाख 30 हजार 800. निर्देशांक न लावता 12.5 टक्क्यांनी साडेचार लाख. अर्थात पहिला हिशेब बरा.

सीएने हे सगळं नीट मांडलं, चष्मा काढला आणि विचारलं, “पुरावे?”

भिंतीचा हिशेब गवंड्याच्या वहीत, आणि वही गवंड्याबरोबर गावाला. दलाल फोनवर म्हणाला, “दादा, आपल्यात कसली पावती?” दोन्ही खर्च गेले. मग 20 टक्क्यांचा हिशेब 5 लाख 24 हजारांवर चढला आणि साडेबारावालाच स्वस्त ठरला: 4 लाख 86 हजार 250. म्हणजे 55 हजार 450 रुपये जास्त, वर उपकर वेगळा. माझ्याच खिशातून दोनदा!

अरे, नव्वद हजार थुंकी लावून मोजलेस ना? मग नाव, पॅन, रक्कम आणि कुठल्या प्लॉटची दलाली, एवढं लिहायला हात झडतो का तुझा? आणि तुम्ही वाचताय ते! चार हजारांच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड दहा वर्षं जपता आणि दोन लाखांच्या भिंतीचं बिल मागायला लाजता. चेकने द्या, बँकेतून द्या, बिलावर प्लॉटचा नंबर घाला आणि खरेदीखताच्याच फाइलमध्ये लावा. मी ‘जाऊ दे’ म्हणालो होतो, गाढव कुठला.

भिंतीचा निदान फोटो काढावा म्हणून परवा गेलो. नव्या मालकाने ती पाडली होती.