रोटरी एम्बेडिंग: अंतर कुठून येतं?

दावा: "रोटरी एम्बेडिंग टोकनच्या व्हेक्टरमध्ये स्थानाचा क्रमांक मिळवतं, त्यामुळे मॉडेलला फक्त निरपेक्ष स्थान कळतं."

रोटरी एम्बेडिंग ही भाषा-मॉडेलला टोकनचं स्थान कळवण्याची पद्धत आहे, पण इथे बेरीज होतच नाही. प्रत्येक अटेंशन थरात क्वेरी आणि की यांच्या घटकांच्या जोड्या स्थानाच्या प्रमाणात फिरवल्या जातात. व्हॅल्यू तशीच राहते. एका जोडीचा कोन दर स्थानाला 1 रेडियन धरा. 7व्या स्थानावरची क्वेरी 7 रेडियन फिरते, 4थ्यावरची की 4. डॉट प्रॉडक्टमध्ये फक्त कोनांतला फरक उरतो: 3. त्याच क्वेरी-की 107 आणि 104 वर ठेवल्या तरी अटेंशनचा गुण तोच येतो.

म्हणूनच आधीच्या टोकनच्या की आणि व्हॅल्यू साठवणाऱ्या केव्ही कॅशमध्ये आधीच फिरवलेल्या की असताना नव्या टोकनची मोजणी चुकून 0 पासून सुरू झाली, तर कॅशमधल्या कींपासूनची सगळी अंतरं बिघडतात. एरर येत नाही. नवा मजकूर मात्र त्याच्या दुसऱ्या टोकनपासूनच भरकटतो.